एका व्हिडिओवरून लोक पुढचा व्हिडिओ बघतात का, हे मोजायचं कसं?

प्रश्न: माझं रेसिपीचं यूट्यूब चॅनेल आहे. एक व्हिडिओ बघून लोक लगेच माझा दुसरा बघतात का, हे स्टुडिओत कुठे कळतं? एंड स्क्रीनचा क्लिक रेट बघितला तर पुरे का?

उत्तर: नाही पुरत. तयार आकडा स्टुडिओत नाही, पण जवळपासचा काढता येतो.

चॅनेलच्या Analytics मध्ये Advanced mode उघडा, Traffic source निवडा आणि Suggested videos वर क्लिक करा. जी यादी येते ती प्रेक्षक पाठवणाऱ्या व्हिडिओंची असते. तिच्यात तुमचा मोदकांचा व्हिडिओ शोधा. त्याच्यासमोरचे व्ह्यूज म्हणजे त्याने तुमच्या चॅनेलला मिळवून दिलेले व्ह्यूज. End screens मध्येही हेच करा. दोन्हींची बेरीज करून त्याच तारखांमधल्या मोदकांच्या एकूण व्ह्यूजने भागा.

समजा मोदकांचे व्ह्यूज ८,०००. सजेस्टेडमधून ४२० आणि एंड स्क्रीनमधून ११० आले. म्हणजे दर शंभर व्ह्यूजमागे साधारण ६.६. पुरणपोळीचे व्ह्यूज ३०,०००, पण तिथून ६०० आणि ९० एवढेच आले, म्हणजे २.३. पुरणपोळी जास्त चालली, पण माणसं पुढे नेतोय तो मोदकांचा व्हिडिओ.

आता क्लिक रेट कुठे फसवतो ते बघा. तो एंड स्क्रीन ज्यांना दिसली त्यांच्यावरच काढलेला असतो. मोदकांच्या शेवटापर्यंत २,४०० जण पोचले, तर ११० क्लिक म्हणजे ४.६ टक्के. पुरणपोळीच्या शेवटापर्यंत १,५०० च पोचले, तर ९० क्लिक म्हणजे ६ टक्के. नुसता हा रेट बघणारा पुरणपोळीला चांगलं म्हणेल, आणि तिथे बहुतेक लोक शेवटाआधीच निघून गेलेत हे त्याच्या लक्षातच येणार नाही.

या हिशोबाच्या मर्यादाही धरून चाला. प्लेलिस्टमधून पुढे गेलेले व्ह्यूज Playlists खाली जातात, इथे दिसत नाहीत. डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवरून आलेले मात्र सजेस्टेडमध्येच मिसळतात, त्यामुळे तो आकडा निव्वळ यूट्यूबच्या शिफारशींचा समजू नका. कोणी मोदक, मग करंजी, मग चकली बघितली, तर चकलीचं श्रेय करंजीला मिळतं. आणि प्रेक्षक दुसऱ्याच्या चॅनेलवर गेला, तर त्याची बैठक चालू असली तरी तुम्हाला ते कळत नाही.

तुलना करताना दोन्ही व्हिडिओंचे पहिले २८ दिवसच घ्या, कारण जुन्या व्हिडिओला सर्चमधून येणारे लोक पाककृती बघून निघून जातात आणि त्याचं प्रमाण आपोआप खाली येतं. आकडा कमी निघाला तर आधी रिटेन्शनचा आलेख बघा. "चला तर मग, भेटूया पुढच्या व्हिडिओत" या वाक्यालाच रेघ कोसळत असेल, तर ते वाक्य काढा. ताटात मोदक वाढता वाढताच सारणाच्या व्हिडिओचं नाव घ्या आणि एंड स्क्रीन तिथेच सुरू करा. ती शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येते, म्हणून हे बोलणं त्या वेळेत बसवा.