यादीत न दिसणारा मिस्ड कॉल

आपला फोन बंद असताना किंवा रेंजबाहेर असताना आलेला कॉल हँडसेटपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तो कॉल हिस्टरीत उमटत नाही. त्याची सूचना फोन पुन्हा नेटवर्कवर आल्यावर कंपनीच्या एसएमएसने येते आणि उलट फोन त्या संदेशातील क्रमांकावरूनच लावावा लागतो. घाटात असताना आलेला भावाचा कॉल मीही एकदा उगाच यादीत शोधत बसलो होतो. यादीतून फोन लावताना मात्र क्रमांकाआधी +91 आहे ना, हे पाहावे, कारण एकच रिंग देऊन तुटलेल्या अनोळखी परदेशी क्रमांकाला आंतरराष्ट्रीय दर लागू शकतो. चुकून बोट लागू नये म्हणून अशी नोंद काढून टाकावी. कंपनीकडील नोंद त्याने पुसली जात नाही.