मिडटर्मला ४६ पडले, आता फायनलला किती हवेत?

“ताई, कॅल्क्युलस टू च्या मिडटर्मला ४६ टक्के पडले. सिलॅबसमध्ये लिहिलंय की फायनल मिडटर्मपेक्षा चांगली गेली तर तिचं वजन वाढेल. पण ग्रेडबुकवर ६१ दिसतायत आणि मला सी ग्रेडसाठी ७० लागतात. फायनलला नेमके किती पाडायचे? की कोर्सच सोडून देऊ? शुक्रवारी शेवटची तारीख आहे.”

ही मुलगी सांगलीची, अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. फोन आला बुधवारी रात्री. आवाजावरून कळत होतं की कोर्स सोडायचं तिचं जवळजवळ ठरलंय. मी तिला आधी सिलॅबसचं ते पान मोठ्याने वाचायला लावलं. अशा वेळी मुलं नियम आठवणीतून सांगतात आणि घोळ तिथेच होतो.

पानावर असं होतं: गृहपाठ २० टक्के, मिडटर्म ३५, फायनल ४५. फायनलचे टक्के मिडटर्मपेक्षा जास्त असतील तर मिडटर्म १५ आणि फायनल ६५. गृहपाठात तिला ८८ टक्के होते, ते काम पूर्ण झालेलं होतं.

मी म्हटलं, वही घे, आधी मूळ वजनाने करू. गृहपाठाचे ८८ चे २० टक्के म्हणजे १७.६. मिडटर्मचे ४६ चे ३५ टक्के म्हणजे १६.१. दोन्ही मिळून ३३.७. सत्तरला कमी पडतात ३६.३, आणि ते ४५ टक्के वजनाच्या फायनलमधून काढायचे. ३६.३ भागिले ०.४५, म्हणजे ८०.७. इथवर आल्यावर ती गप्प झाली, कारण हाच आकडा तिने आदल्या रात्री काढला होता आणि त्यावरूनच कोर्स सोडायचा विचार पक्का केला होता.

आता दुसऱ्या वजनाने. गृहपाठाचे १७.६ तसेच. मिडटर्मचे ४६ चे १५ टक्के, ६.९. बेरीज २४.५. सत्तरला कमी ४५.५, भागिले ०.६५. उत्तर बरोबर ७०.

यानंतर एक पडताळणी करावीच लागते. ७० हे ४६ पेक्षा जास्त आहेत का? आहेत. म्हणजे ज्या अटीवर वजन बदललं, ती अट या उत्तराने पाळली आणि उत्तर खरं ठरलं. हे सांगायचं कारण तिची रूममेट. तिला मिडटर्मला ८२ होते, गृहपाठ तेवढाच. तिने वाढीव वजनाने गणित केलं तर ७० साठी फायनलला ६१.७ हवेत असं आलं. पण ६१.७ हे ८२ पेक्षा कमी, मग वजन वाढणारच नाही. तिला मूळ वजनच लागू, आणि त्या हिशेबाने ५२.७ पुरतात. मिडटर्म चांगली गेलेल्या मुलांनी उगाच जास्तीचं ओझं डोक्यावर घेतलेलं मी बरेचदा पाहिलंय, ते याच चुकीने.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर आणखी एक वाट आहे, मला स्वतःला तीच आवडते. फायनललाही अगदी ४६ च पडले असं धरा. मग कुठल्याही वजनाने बेरीज सारखीच येते: ५४.४. म्हणजे ४६ हा उंबरठा. त्याच्या वर फायनलचा प्रत्येक टक्का एकूण बेरजेत ०.६५ टाकतो. ५४.४ पासून ७० पर्यंत १५.६ हवेत. १५.६ भागिले ०.६५ म्हणजे २४. ४६ अधिक २४, सत्तरच. दोन वाटांनी एकच उत्तर आलं तेव्हा पलीकडून पहिल्यांदा सुस्कारा ऐकू आला.

“मग बी मिळेल का?” लगेच पुढचा प्रश्न. बी म्हणजे ८०. मूळ वजनाने १०२.९ हवे होते, म्हणजे अशक्य. वाढीव वजनाने ८५.४. अवघड, पण दार उघडं. ए मात्र वाढीव वजनानेही नाही, कारण ९० साठी फायनलला शंभरावर लागतात. तेही मी तिला स्पष्ट सांगितलं.

राहिले ग्रेडबुकवरचे ६१. तो आकडा फक्त तपासून झालेल्या गोष्टींचा असतो: ३३.७ भागिले ०.५५, म्हणजे ६१.३. फायनल त्यात नाही आणि सिलॅबसमधली जर-तरची अटही नाही. त्यावरून कोर्स सोडायचा निर्णय घेऊ नये. तिच्या बाबतीत तर तो सोडणं वेगळ्याच अंगाने महागात पडलं असतं. एफ-वन व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट पूर्ण ठेवावे लागतात. तिचे १३ होते, हा कोर्स चारचा. सोडला की नऊ. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची आधी परवानगी न घेता असं केलं तर थेट व्हिसाच्या स्थितीला धक्का लागतो. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मी तिला प्राध्यापकांना तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. तुलना कच्च्या टक्क्यांची होते की कर्व्ह लावल्यानंतरच्या? पास व्हायला फायनलमध्ये वेगळी किमान अट आहे का? आणि ६९.६ चे ७० धरतात का? उत्तरं आली: कच्चे टक्के, वेगळी अट नाही, आणि पूर्णांक करत नाही. शेवटच्या उत्तरामुळे आम्ही लक्ष्य ७० ऐवजी ७४ धरलं.

फायनल १२० गुणांची, म्हणजे ७४ टक्क्यांना ८९ गुण. साधारण निम्मा पेपर मिडटर्मनंतरच्या भागावर, म्हणजे अनंत श्रेणींवर, आणि तो तिला जमत होता. तिथे ६० पैकी ५० धरले. उरलेल्या ६० पैकी ३९ जुन्या भागातून हवेत. मिडटर्मसारखंच झालं तर तिथे २७-२८ च मिळतील. तूट साधारण बाराची.

ते बारा कुठून येतील हे पाहायला तिने मिडटर्मचा पेपर कॅमेऱ्यासमोर धरला. ५० पैकी २३. गेलेल्या २७ मधले १८ दोनच प्रश्नांत गेले होते. दोन्ही ट्रिग सब्स्टिट्यूशनचे, दोन्ही पानं कोरी. एकावर नुसतं x = 3 sin θ लिहून खोडलेलं. बाकीचे नऊ कुठे चिन्ह चुकलं, कुठे मर्यादा बदलायच्या राहिल्या, असे विखुरलेले. म्हणजे सगळं कॅल्क्युलस नव्याने करायचं नव्हतं. तीन आठवडे रोज दोन गणितं, फक्त त्या एका पद्धतीची, आणि आठवड्यातून एकदा टीएच्या ऑफिस अवरला ती सोडवून दाखवायची, एवढं ठरलं. कोर्स तिने सोडला नाही.

फायनलला १२० पैकी ९१ पडले, ७५.८ टक्के. तरी त्या रात्री रडत फोन आला, कारण ग्रेडबुक ६७.८३ दाखवत होतं. मी तिला पुन्हा वही घ्यायला सांगितली. २४.५ अधिक ७५.८३ चे ६५ टक्के, ४९.२९. एकूण ७३.७९. ग्रेडबुक अजून फायनलला ४५ टक्केच देत होतं, एवढंच. दोन दिवसांनी प्राध्यापकांनी अंतिम ग्रेड भरली, तेव्हा तिने फक्त स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यावर सी होतं.