कंपाउंडच्या पिलरला सिमेंट किती, खड्डा किती खोल?

प्रश्न: ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटला ५ फूट उंच कंपाउंड घालायचं आहे, दर १० फुटांवर पिलर. जमीन काळी आहे. फुटिंग आणि पिलरला सिमेंट किती लागेल, खड्डा किती खोल घ्यावा?

उत्तर:

आधी खड्डा, कारण सिमेंटचा हिशेब त्यावरच ठरतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दोन फुटांवर बसवलेलं फुटिंग या हालचालीत सापडतं आणि काही पावसाळ्यांत पिलर कलतात. म्हणून पक्का मुरूम लागेपर्यंत खणा. पाच-सहा फुटांवरही लागला नाही, तर पुढचं इंजिनिअरला विचारूनच करा.

मुरूम सव्वाचार फुटांच्या आसपास लागला असं धरतो. तळाला ४ इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, त्यावर ३ बाय ३ फुटांचं १ फूट जाड फुटिंग, वर ९ बाय ९ इंची पिलर: ३ फूट जमिनीत, ५ फूट वर. तुमची परिमिती २०० फूट, म्हणजे २० पिलर. हद्द बंद असल्याने पिलरमधले जितके गाळे तितकेच पिलर. सरळ भिंत असती तर एक वाढला असता. एका फुटिंगला ९ घनफूट आणि पिलरला साडेचार, असे वीस पिलरना २७० घनफूट, म्हणजे सुमारे ७.६५ घनमीटर काँक्रीट लागेल.

एम-२० ताकदीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडी १ : १॥ : ३ या प्रमाणात त्याला सुमारे ६२ पोती सिमेंट, सव्वा ब्रासच्या आत वाळू आणि सव्वादोन ब्रासच्या थोडी वर खडी लागते. पीसीसीला १ : ४ : ८ ने आणखी ६ पोती. वाया जाणारं वेगळं धरा.

हे प्रमाण घमेल्यावर सोडू नका. १२ बाय १२ बाय १५ इंचांचा फर्मा करून घ्या. त्यात एका पोत्याएवढं माप बसतं. पोत्यामागे दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी आणि २५ लिटरपर्यंत पाणी. वाळू ओली असेल तर पाणी त्याहून कमी. काँक्रीट सहज ओतता यावं म्हणून गवंडी पाणी वाढवतात, तेव्हा स्वतः उभे राहा.

पिलरचा तळ सर्वांत नाजूक. फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळलं की तिथे नुसती खडी उरते. फळ्या काढल्यावर तळाला खडी उघडी दिसते, ठोकल्यावर पोकळ वाजते. असा पिलर प्लास्टरखाली झाकू देऊ नका. ओतण्याआधी फटी बुजवा, काँक्रीट टप्प्याटप्प्याने ओतून प्रत्येक थराला व्हायब्रेटर फिरवा, आणि सळईभोवती दीड इंच कव्हर राहील असे ठोकळे बांधा.

भिंतीखाली पिलर जोडणाऱ्या प्लिंथ बीमचं काँक्रीट वरच्या हिशेबात नाही. ९ बाय ९ इंची बीमला, १० फुटी गेट वगळून, सुमारे २३ पोती सिमेंट लागेल. बीम काळ्या मातीवर टेकवू नका, खाली तीन इंच पोकळी ठेवा. माती फुगली तर तेवढी जागा तिला मिळते, नाहीतर ती बीम उचलते आणि भिंत पिलरलगत फाटते.