मालकाला पाठवायची भाडेकरूची माहिती: पगार, नोकरी आणि संदर्भ

प्रश्न: पाथर्डी फाट्याला टू बीएचके बघितलाय. मालक पुण्यात असतात, एजंट म्हणतो आधी स्वतःची माहिती लिहून पाठवा. या नोकरीला पाचच महिने झालेत. काय आणि किती लिहू?

मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढंच लिहा. एजंट तो मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवतो, त्यामुळे तुमच्या बाजूने बोलायला दुसरं कोणी नसतं. साधारण असा:

"नमस्कार. पाथर्डी फाट्याचा आपला फ्लॅट आम्हाला पसंत आहे. राहणार तिघं: मी, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. मी १ फेब्रुवारीपासून अंबड एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर आहे; प्रोबेशन ३१ जुलैला संपतं. त्याआधी साडेतीन वर्षं चाकणला एकाच कंपनीत होतो. पगार हातात ४२,००० येतो, कर्जाचा हप्ता नाही. भाडं आणि मेंटेनन्स मिळून १४,००० होतात. चाकणच्या घरमालकांकडे तीन वर्षं राहिलो, भाडं दरमहा ५ तारखेच्या आत बँकेतून दिलं. त्यांना विचारून नंबर देत आहे. संध्याकाळी सातनंतर बोलतात. १ ऑगस्टपासून राहायला येऊ."

आकडा हातात येणाऱ्या पगाराचाच द्या. पॅकेज सांगितलंत आणि स्लिपवर कमी दिसलं, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. भाडं पगाराच्या एक तृतीयांशात बसत असेल तर मालक सहसा निर्धास्त होतो. इथे ते नेमकं तेवढंच आहे, म्हणून हप्ता नसल्याचं लिहिणं गरजेचं. हप्ता असेल तर तोही सांगा आणि पत्नीची कमाई असल्यास जोडा.

पाच महिने लपवू नका. जॉइनिंगची तारीख बहुतेकदा स्लिपवर असते. आधीची साडेतीन वर्षं लगेच पुढच्या वाक्यात आली की तो मुद्दा सौम्य होतो.

संदर्भ एकच पुरे, पण जुन्या घरमालकाचा. मित्राच्या किंवा मामांच्या शब्दाला इथे फारशी किंमत नाही. जुन्या घरमालकांना आधी फोन करून ठेवा, "कोण? आठवत नाही" असं उत्तर गेलं तर संदर्भ न दिलेला बरा.

कागद मागितल्यावरच पाठवा: शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि मास्क केलेलं आधार, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पूर्ण बँक स्टेटमेंट एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, पगार जमा झाल्याच्या ओळी पुरतात. "करार रजिस्टर करू, पोलिसांकडे द्यायच्या माहितीसाठी कागद देऊ" हे एक वाक्य शेवटी जोडलंत तर बाहेरगावच्या मालकाची निम्मी काळजी मिटते.

आणि मालक समोर नाहीत, तेव्हा टोकन देण्याआधी तुम्हीही इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदी नोंदणीचा उतारा मागा. त्यावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार ते नाव एकच हवं.