पी-एचवाले आणि एफवाले

"बाबा, फडणीस हे आपलं आडनाव इंग्रजीत पी-एचने सुरू होतं आणि काकाचं एफने. आपण एकाच घरातले ना? मग इतिहासाच्या पुस्तकातले नाना फडणवीस पण आपलेच का?"

प्रिय सोनू,

काका माझा सख्खा भाऊच. नाना मात्र आपले कोण, हे आडनावावरून सांगता येणार नाही, कारण ते त्यांचंही मूळ आडनाव नव्हतं. ते बाळाजी जनार्दन भानू, घराणं कोकणातल्या वेळासचं. त्यांच्या आजोबांपासून पेशव्यांची फडणिशी, म्हणजे सरकारी हिशेबाचं दफ्तर, त्यांच्या घराकडे होती. लोक हुद्द्यानेच ओळखू लागले आणि भानू हे नाव मागे पडलं.

हुद्द्याचा शब्द फारसी: फर्दनवीस. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, नवीस म्हणजे लिहिणारा. आपल्याकडे कचेरीला फड म्हणतच होते, त्यामुळे फर्दचं फड सहज झालं, आणि बोलता बोलता फडणवीसचं फडणीस. चिटणीस, सबनीस, पारसनीस ही सगळी त्याच 'नवीस'ची मंडळी. पारसनीस फारसी पत्रव्यवहार बघायचे.

लिहिण्यातला घोळ त्याहून नंतरचा. जुने कागद मोडीत असत आणि मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नसत. त्यामुळे फडणिस की फडणीस, हा प्रश्न बाळबोध लिपीत छापायची वेळ आली तेव्हा उभा राहिला, आणि ज्याने त्याने आपापल्या परीने सोडवला. मग इंग्रजी आली. तिथे 'फ'ला पी-एचही चालतं आणि एफही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं तर इंग्रजांनी सिंदिया करून टाकलं आणि तेच आता त्यांचं नाव झालंय.

आपल्या घरात हे शाळेत घडलं. माझं नाव घालताना पी-एच लिहिलं गेलं, काकाच्या वेळी वेगळा कारकून होता, त्याने एफ लिहिलं. शाळेच्या दाखल्यावरून दहावीचं सर्टिफिकेट, त्यावरून पासपोर्ट, आणि पासपोर्टवरून तुझा जन्मदाखला. नावातलं एक अक्षर बदलायचं तर राजपत्रात जाहीर करून पुढचा प्रत्येक कागद बदलत बसावं लागतं, म्हणून कोणी बदलत नाही. तुझी चुलत भावंडं एफच लिहिणार.

आणि आडनाव सारखं म्हणजे नातं, असं धरून चालू नकोस. फडणीस नुसते पुण्यात नव्हते, ठिकठिकाणच्या दरबारात होते. चिटणीस तर ब्राह्मणांतही सापडतात आणि सीकेपींतही. जोशी, कुलकर्णी, पाटील यांचंही तेच: गावोगावी ते काम करणारं कोणी ना कोणी होतंच. चिपळूणकर म्हटलं तर निदान गाव तरी कळतं, पण एका गावातून बाहेर पडलेली घरं एकाच कुळातली असतील असं नाही. म्हणून आजी कोणी नवे फडणीस भेटले की आधी विचारते, "मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं?" दोन्ही जुळली, तरच पुढे गोत्राची चौकशी होते.

तुझा,
बाबा