अपेक्षित म्हणजे कोणाला अपेक्षित?

प्रश्न: काय-स्क्वेअर टेस्टमध्ये एक्सपेक्टेड काउंटला "अपेक्षित वारंवारता" म्हणतात, पण ही अपेक्षा नक्की कोणाची, संशोधकाची का? त्यापेक्षा "प्रत्याशित" बरोबर नाही का? आणि शेवटचा निष्कर्ष मराठीत कसा लिहायचा?

कोणाचीच नाही. "आम्हाला अपेक्षित उत्तर आलं नाही म्हणून टेस्ट फेल झाली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकवत नाही. आणि "प्रत्याशित" तर मुळीच नको, त्यात आशा आहे, सरळ "आशा" हा शब्दच आत बसलाय, आणि इथे कोणी कसलीही आशा धरलेली नसते. अपेक्षित या शब्दात मनातल्या इच्छेचा वास येतो म्हणून तो बदला असं म्हणणाऱ्या पंडितांनी अपेक्षा शब्द एकदा उघडून बघायला हवा होता, मग इच्छेच्या वासावर उपाय म्हणून आशा आणली नसती.

अपेक्षा म्हणजे अप अधिक ईक्ष्, आणि ईक्ष् म्हणजे बघणं. संस्कृतात अपेक्षेचा एक मोठा अर्थ आहे कशाच्या तरी संदर्भाने बघणं, कशावर तरी अवलंबून असणं. म्हणून सापेक्ष म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून आणि निरपेक्ष म्हणजे अवलंबून नसलेलं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आपण रोज वापरतो तो "पेक्षा" सुद्धा याच अपेक्षेतून आलाय! "रामपेक्षा श्याम उंच" म्हणजे रामच्या अपेक्षेने, रामकडे बघून, श्याम उंच. त्यात रामकडून कोणाचीही काहीही मागणी नाही, फक्त तुलनेसाठी तो एक ठिकाण म्हणून उभा आहे. एक्सपेक्टेड काउंट नेमका तेच करतो, ज्याच्यापेक्षा मोजायचं ते ठिकाण.

आता पुढे बघा, टेबलात जे प्रत्यक्ष दिसलं ते निरीक्षित, ज्याच्याशी तुलना करायची ते अपेक्षित, आणि दोघांना समोरासमोर आणते ती परीक्षा. तिन्हींत तोच ईक्ष्. मला तर वाटतं टेस्ट ऑफ इंडिपेंडन्सला "स्वातंत्र्याची कसोटी" न म्हणता "निरपेक्षतेची परीक्षा" म्हणावं, कारण दोन गोष्टी एकमेकींपासून निरपेक्ष असत्या तर काय दिसलं असतं, तोच अपेक्षित आकडा. शिवाय डिग्रीज ऑफ फ्रीडमला पण "स्वातंत्र्य"च चिकटवलेलं असतं, त्यामुळे एकाच गणितात दोन वेगळी स्वातंत्र्यं फिरत राहतात आणि पोरं गोंधळतात.

हे आकड्यांत बघितल्याशिवाय पटणार नाही. 1912 साली बुडालेल्या टायटॅनिकचे प्रवासी घ्या, आर या सॉफ्टवेअरमध्ये `Titanic` नावाने जो डेटा येतो त्यातले, कर्मचारी सोडून.

| वर्ग | वाचले | बुडाले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला | 203 | 122 | 325 |
| दुसरा | 118 | 167 | 285 |
| तिसरा | 178 | 528 | 706 |
| एकूण | 499 | 817 | 1316 |

प्रवाशाचा वर्ग आणि त्याचं वाचणं निरपेक्ष असतं तर प्रत्येक वर्गात वाचणाऱ्यांचं प्रमाण सारखंच, म्हणजे सगळ्या प्रवाशांचं मिळून 499/1316, साधारण 38 टक्के, आलं असतं. म्हणून पहिल्या वर्गासाठी 325 × 499 / 1316 = 123.23. सगळे म्हणतात ते "ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण" हे सूत्र म्हणजे एवढंच आहे, पाठ करायची गरज नाही. तसंच दुसऱ्यात 108.07 आणि तिसऱ्यात 267.70, आणि बुडालेल्यांचे आकडे नुसत्या वजाबाकीने मिळतात. आता सांगा, पहिल्या वर्गातले 123 वाचतील अशी अपेक्षा कोणी केली होती? श्रीमंतांना बोटी आधी मिळाल्या असणार असा ज्याचा अंदाज आहे त्याची खरी अपेक्षा तर याच्या अगदी उलट असते.

मग प्रत्येक खान्यात निरीक्षित वजा अपेक्षित, त्याचा स्क्वेअर, भागिले अपेक्षित. पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांचं (203 − 123.23)² / 123.23 = 51.6 येतं, आणि दुसऱ्या वर्गातल्या वाचलेल्यांचं फक्त 0.9. हे नीट बघा, दुसरा वर्ग जवळजवळ अपेक्षितावरच बसलाय, सगळा फरक पहिल्या आणि तिसऱ्यात आहे. सहाही खान्यांची बेरीज χ² = 133.05.

डिग्रीज ऑफ फ्रीडम (3−1)×(2−1) = 2, कारण कडेच्या बेरजा ठरल्या की वेगवेगळ्या ओळींतले दोन खाने भरले तर बाकीचे चार आपोआप भरतात. ही टेस्ट 1900 साली मांडणाऱ्या कार्ल पिअर्सनने इथे खान्यांतून एक वजा केला असता, म्हणजे 5. ती चूक फिशरने 1922 मध्ये दुरुस्त केली आणि पिअर्सनला ते शेवटपर्यंत पचलं नाही. इथे दोन्हींनी उत्तर तेच येतं, कारण 2 साठी 5 टक्के पातळीची सीमा 5.99 आणि 5 साठी 11.07, आणि आपले 133 दोन्हींच्या कितीतरी वर आहेत, पण χ² समजा 8 आला असता तर निष्कर्षच उलटला असता.

हो, निष्कर्ष राहिलाच. असा लिहा: "5 टक्के पातळीवर वर्ग आणि वाचणं निरपेक्ष आहेत हे शून्य गृहीतक आपण नाकारतो, दोघांत संबंध असल्याचा पुरावा मिळतो." "पहिल्या वर्गाचं तिकीट होतं म्हणून वाचले" असं लिहू नका, या टेबलात ते नाही. पहिल्या वर्गात 325 पैकी 145 बायका होत्या आणि तिसऱ्यात 706 पैकी 196, आणि बायकामुलांना बोटीत आधी घेतलं गेलं, त्यामुळे या संबंधातला किती भाग वर्गाचा आणि किती बायकांच्या प्रमाणाचा ते हे टेबल वेगळं करून सांगू शकत नाही.

आणि χ² सीमेच्या आत आला तर "निरपेक्ष आहेत हे सिद्ध झालं" हे तर कधीच नाही. हेच सगळे आकडे चोविसाव्या भागावर आणा, म्हणजे साधारण 55 माणसं, टक्केवारी तीच, तर χ² पण चोविसावा भाग होऊन 5.54 येतो आणि 5.99 च्या खाली राहतो. संबंध तोच आहे, फक्त माणसं कमी. म्हणून तिथे "नाकारायला पुरेसा पुरावा मिळाला नाही" एवढंच लिहायचं. आणि खान्यात किमान 5 हवेत हा नियम पण अपेक्षिताला लागू होतो, निरीक्षिताला नाही, निरीक्षित शून्य असला तरी चालतो. त्या छोट्या टेबलात दुसऱ्या वर्गातल्या वाचलेल्यांचा अपेक्षित 4.5 येतो, पण सहापैकी तो एकच खाना आहे आणि वीस टक्क्यांपर्यंत खाने 5 च्या खाली चालतात.