झेड-स्कोअरवरून पर्सेंटाइल कसं काढायचं?

प्रश्न: ऐरोलीत लेकीची तपासणी केली, वय १ वर्ष, वजन ७ किलो, रिपोर्टवर झेड-स्कोअर -२ आलाय, पण पर्सेंटाइल नाही. ते किती धरायचं?

उत्तर: साधारण २.३, म्हणजे तिच्या वयाच्या १०० मुलींमध्ये दोन-तीनच तिच्यापेक्षा कमी वजनाच्या. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=NORM.S.DIST(-2,TRUE)*100
```

उलटं, ३ऱ्या पर्सेंटाइलचा झेड हवा असेल तर `=NORM.S.INV(0.03)`, उत्तर -१.८८ येतं, म्हणून "३रं पर्सेंटाइल म्हणजेच -२" असं धरू नका, बरेच जण इथेच चुकतात.

| झेड | पर्सेंटाइल |
|---|---|
| -३ | ०.१ |
| -२ | २.३ |
| -१ | १५.९ |
| ० | ५० |
| +१ | ८४.१ |

डब्ल्यूएचओच्या चार्टवर वर्षाच्या मुलीची -१ ची रेघ ७.९ किलोला आहे, म्हणजे ७ वरून जेमतेम ९०० ग्रॅमचा फरक आणि पर्सेंटाइल २ वरून थेट १६, पण खाली -४ वरून -३ वर आलेल्या बाळाचं पर्सेंटाइल ०.००३ वरून ०.१ होतं, कागदावर दोन्ही शून्यच दिसतात आणि बाळ सुधारतंय हे कळतच नाही. म्हणून दर महिन्याला झेडच लिहून ठेवा. आणि -२ म्हणजे कमी वजनाच्या अगदी सीमेवर आहे, तेव्हा डायपर काढून वजन परत एकदा करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.